तयार तासाचा हिशेब

साशंक : ज्या व्यवसायाची तुम्ही तरुणांना इतक्या आस्थेने शिफारस करता, त्याविषयी माझा पहिला आक्षेप असा की, ज्या गोष्टीच्या भरवशावर ही मुले त्यात उतरतात ती गोष्ट मुळात बाजारात विकलीच जात नाही. गणेशोत्सवातले किंवा महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनातले सूत्रसंचालन ऐकून कोणीतरी म्हणते, 'तुझा आवाज काय भारदस्त आहे!', आणि तेवढ्या एका अभिप्रायावर नांदेडचा किंवा लातूरचा एखादा तरुण उसनवारी करून माइक आणतो, घराच्या एका खोलीत बसतो आणि जाहिरातींची व ऑडिओबुकांची कामे आपल्याकडे चालत येतील म्हणून वाट पाहू लागतो. परंतु मोठ्या जाहिरातींची संहिता मुंबईत लिहिली जाते, तिचे ध्वनिमुद्रण तिथल्याच स्टुडिओत होते आणि आवाज निवडणारा माणूस आपल्या परिचयातल्या पाचपंचवीस आवाजांपलीकडे सहसा जात नाही. १९६७ साली विविधभारतीवर व्यापारी जाहिराती सुरू झाल्या, त्यांचा आरंभही मुंबई, पुणे आणि नागपूर येथूनच झाला. मराठवाडा त्या वेळीही त्या नकाशावर नव्हता. गोदावरीकाठी बसून आपला आवाज तिकडे पोहोचेल हा विश्वास कशाच्या बळावर धरायचा?

उत्साही : नुसता आवाज विकला जात नाही हे तुमचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे, आणि ते प्रत्येक नवशिक्याला पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे, असेही मी म्हणेन. विकली जाते ती तयार ध्वनिफीत : जिच्यात भाषा शुद्ध आहे, पार्श्वभूमी शांत आहे, पातळी ठरल्या मापाची आहे आणि जी ठरल्या दिवशी मागणाऱ्याच्या हाती पडली आहे. मात्र मुंबईच्या मक्तेदारीविषयी तुम्ही जे सांगता ते तीस सेकंदांच्या जाहिरातीला जितके लागू आहे तितके पुस्तकाला लागू नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात स्टोरीटेल ही स्वीडिश संस्था भारतात आली, तिने आरंभापासूनच मराठीला स्थान दिले, आणि तेव्हापासून मराठी पुस्तके मोठ्या प्रमाणावर वाचून घेतली जाऊ लागली. जाहिरातीसाठी एक आवाज एक तास लागतो. एका कादंबरीसाठी तोच माणूस दोन-तीन आठवडे रोज बंद खोलीत बसावा लागतो. इतका वेळ देणारी, वाचनाची गोडी असलेली आणि घरीच स्वच्छ ध्वनिमुद्रण करू शकणारी माणसे कोठेही मुबलक नसतात, म्हणून तेथे अंतराला फारशी किंमत उरत नाही. दुसरी गोष्ट, मुंबईला कधीही न जाणारी एक स्वतंत्र बाजारपेठ आपल्याच दारात आहे. लातूरच्या गंजगोलाईतले बियाण्यांचे विक्रेते, तिथलेच शिकवणीवर्ग, नांदेडच्या वजिराबादेतले सराफ आणि दवाखाने, निवडणुकीच्या मोसमातले उमेदवार, या सर्वांना मराठी आवाज लागतो, आणि तो त्यांना इथल्या इथे हवा असतो.

साशंक : स्वच्छ ध्वनिफीत हा शब्द तुम्ही सहज उच्चारलात, पण सगळी अडचण तेथेच आहे. आपल्याकडची आजची घरे पाहा : वर काँक्रीटची स्लॅब, चारी बाजूंना सिमेंटचा गुळगुळीत गिलावा, खाली शहाबादी फरशी किंवा टाइल्स, आणि खोलीत एक पलंग व एक लोखंडी कपाट. अशा खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवली की तिच्या मागोमाग जो धातूसारखा झणत्कार उठतो, तोच झणत्कार प्रत्येक शब्दाच्या शेपटीला चिकटून माइकमध्ये शिरतो, आणि एकदा शिरला की कोणत्याही उपायाने तो पूर्णपणे बाहेर निघत नाही. जुन्या माळवदाच्या घरांत दगडमातीच्या हातभर जाड भिंती आणि वर मातीचे छत असल्यामुळे बाहेरचा आवाजही आत येत नसे व आतला घुमतही नसे. पण १९९३ च्या भूकंपात त्याच भिंती आणि तीच छते माणसांवर कोसळली, आणि त्यानंतर लातूर-उस्मानाबादकडच्या लोकांनी सिमेंटची घरे पसंत केली यात त्यांना कोण दोष देईल? म्हणजे जी घरे राहण्यास सुरक्षित, ती बोलण्यास वाईट. मग हा तरुण बाजारातला सर्वांत महाग कंडेन्सर माइक आणतो, आणि तो माइक इतका संवेदनशील असतो की, खोलीचा झणत्कार, शेजारच्या बोअरची मोटार आणि स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी हे सर्व तो साध्या माइकपेक्षाही प्रामाणिकपणे टिपतो.

उत्साही : म्हणूनच पैसा पहिल्यांदा खोलीवर खर्च करावा आणि माइकवर नंतर, असा क्रम अनुभवी लोक सांगतात, आणि सुदैवाने खोलीवरचा खर्च आपल्या घरांत जवळजवळ फुकटात भागतो. घरातली सर्वांत लहान आणि सर्वांत भरलेली जागा निवडावी, कपड्यांनी गच्च भरलेले कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून बसावे, कारण माइकचे तोंड आपल्याकडे असते आणि त्याला जे ऐकू येते ते आपल्या पाठीमागून परत आलेले असते. दोन्ही बाजूंना जाड वाकळा टांगाव्यात, पण भिंतीला चिकटवून टांगू नयेत. वाकळ आणि भिंत यांच्यामध्ये चार बोटे पोकळी ठेवली की तीच वाकळ पुष्कळ अधिक ध्वनी शोषते. फरशीवर सतरंजी घालावी, डोक्यावरही एखादी गोधडी आडवी बांधावी, कारण स्लॅबवरून येणारा प्रतिध्वनी लोक हमखास विसरतात. नंतर पुन्हा टाळी वाजवावी. ती कोरडी आणि बोथट ऐकू आली की खोली तयार झाली असे समजावे. माइक तोंडापासून एक वीत दूर ठेवावा आणि तो ओठांच्या बरोबर समोर न ठेवता किंचित बाजूला ठेवावा. मराठीत ख, फ, ध, भ असे महाप्राण वर्ण पदोपदी येतात, 'भाव', 'फळ', 'भाकरी' म्हणताना हवेचा झोत थेट पडद्यावर आदळतो आणि 'धप्' असा आवाज नोंदला जातो. मध्ये जाळी लावूनही तो पूर्णपणे जात नाही, माइक बाजूला सरकवल्याने जातो.

आता शांतता मोजायची कशी, हेही अंदाजावर सोडण्याचे कारण नाही. आपण जितक्या उंच स्वरात पुस्तक वाचणार तितकी पातळी लावून घ्यावी, श्वास रोखून अर्धे मिनिट काहीही न बोलता ध्वनिमुद्रण करावे, आणि मग Audacity या विनामूल्य प्रणालीत तेवढा भाग निवडून `Measure RMS` चालवावे. अॅमेझॉनच्या एसीएक्स या व्यवस्थेने इंग्रजी पुस्तकांसाठी जे निकष जाहीर केले आहेत, त्यांनुसार शांततेची पातळी उणे ६० डेसिबलच्या खाली, वाचनाची सरासरी उणे २३ ते उणे १८ यांच्या दरम्यान आणि सर्वोच्च शिखर उणे ३ च्या खाली असावे लागते. ती व्यवस्था भारतात राहणाऱ्यांसाठी खुली नाही, तरीही मोजपट्टी म्हणून ती उत्तम आहे. ज्याची खोली या कसोटीला उतरली त्याची फीत पुण्याच्या निर्मात्याकडून खोलीच्या कारणास्तव परत येण्याचा संभव फार कमी.

साशंक : ही मोजपट्टी जानेवारीत लावली तर उतरेल, एप्रिल-मे महिन्यांत लावा. पारा बेचाळीसच्या पुढे गेलेला आहे, वाकळांनी चारी बाजूंनी बंद केलेल्या त्या जागेत पंखा चालवता येत नाही, कूलरचे तर नावच नको, आणि त्या स्थितीत माणसाने एखाद्या नायिकेचा विरह शांत, ओलसर स्वरात वाचायचा आहे. तशात भारनियमन. वीज गेली म्हणून इन्व्हर्टर सुरू झाला की फितीत एक बारीक गुणगुण शिरते, जी वाचणाऱ्याला ऐकू येत नाही, पण हेडफोन लावून ऐकणाऱ्या निर्मात्याला पहिल्याच वाक्यात जाणवते. मी अशा फिती ऐकल्या आहेत; गुणगुण घालवण्यासाठी मुले `Noise Reduction` चा इतका मारा करतात की, मूळ दोष परवडला असे वाटू लागते.

उत्साही : गुणगुणीचे कारण बहुधा ठाऊक असते, म्हणून तिच्यावर उपायही आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. तिचा अंश फितीत उतरतो तेव्हा तो ५० वर, १०० वर, १५० वर असा पायऱ्यापायऱ्यांनी दिसतो. ८० हर्ट्झच्या खालचा भाग कापला की पहिली पायरी मंदावते, पण वरच्या पायऱ्या आवाजाच्याच हद्दीत असल्यामुळे त्या कापल्यास माणसाचा आवाजही पातळ होतो. म्हणून ती गुणगुण उगमाशीच थांबवली पाहिजे. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवला की निम्म्या वेळा ती तत्काळ नाहीशी होते, आणि यावरूनच दोष वीजजोडणीत आहे हे कळते. जुन्या घरांत अर्थिंगच नसते, ते करून घेणे हा माइकपेक्षा स्वस्त आणि जिवाच्या दृष्टीनेही शहाणपणाचा खर्च आहे. स्वस्त इन्व्हर्टरची वीज स्वच्छ लहरींची नसते, तेव्हा तो चालू असताना ध्वनिमुद्रण करूच नये. `Noise Reduction` विषयी तुमचा आक्षेप रास्त आहे. तो जास्त झाला हे ओळखण्याची खूण अशी की, शब्दांच्या अखेरीस येणारे स आणि श धातूवर घासल्यासारखे किंवा पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येतात; तसे झाले की तो उपाय मागे घ्यावा आणि खोलीकडे परत जावे.

उन्हाळ्याला उपाय एकच, आणि तो म्हणजे वेळ. पहाटे चार ते सहा ही वेळ शांत असते, थंड असते आणि वीजही बहुधा असते. पंचवीस मिनिटे वाचावे, बाहेर येऊन पाणी प्यावे, पुन्हा आत जावे. मात्र पहाटेचा आवाज आणि संध्याकाळचा आवाज एका माणसाचा असूनही वेगळा असतो, म्हणून एक पुस्तक नेहमी एकाच वेळी वाचावे आणि रोज आरंभ करण्यापूर्वी कालची शेवटची दोन मिनिटे ऐकून त्याच स्वरात प्रवेश करावा. रिकाम्या खोलीची एक मिनिटाची शांतताही रोज ध्वनिमुद्रित करून ठेवावी. चूक कापल्यावर मधली जागा त्या शांततेने भरायची असते, निखळ शून्याने भरली तर ऐकणाऱ्याला फीत मध्येच बंद पडल्यासारखी वाटते.

साशंक : तुम्ही ज्या बारकाईने सांगता त्यावरूनच माझ्या मुख्य शंकेला बळ येते, आणि ती शंका अशी की, या सर्व खटाटोपाचा मोबदला श्रमांच्या मानाने येतो का? आपण एकदा जमाखर्च मांडू. एकशेऐंशी पानांचे पुस्तक घेतले, पानाला अडीचशे शब्द धरले, तर एकूण पंचेचाळीस हजार शब्द झाले. मराठी शब्द प्रत्यय पोटात घेऊन लांबतो, म्हणून इंग्रजीत मिनिटाला दीडशे शब्द वाचले जात असले तरी मराठीत एकशेवीस ही सुखाची गती मानावी. या गतीने ते पुस्तक सव्वासहा तासांचे होते. आता श्रम पाहा. आधी संपूर्ण पुस्तक वाचून नावे, उच्चार आणि पात्रांचे स्वर ठरवण्यास चार तास. प्रत्यक्ष वाचनात चुकत, थांबत, पुन्हा वाचत एका तयार तासाला दोन तास लागतात, म्हणजे साडेबारा. चुका कापणे, श्वास आणि पोकळ्या नीट करणे यांत अडीचपट वेळ धरला तरी सुमारे साडेपंधरा. मूळ पुस्तक समोर ठेवून संपूर्ण फीत पडताळण्यास सव्वासहा. आणि सापडलेल्या चुका पुन्हा वाचून बसवण्यास दोन. बेरीज चाळीस तासांवर जाते. केवळ हिशेबासाठी समजा की तयार तासाला बाराशे रुपये ठरले. एकूण साडेसात हजार आले, म्हणजे श्रमाच्या तासाला सुमारे एकशेशहाऐंशी. दर 'तासाला' बाराशे ऐकून हा तरुण हुरळून जातो, कारण तो तास कोणाचा, ऐकणाऱ्याचा की राबणाऱ्याचा, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

उत्साही : ही मांडणी मी नाकारणार नाही; उलट प्रत्येकाने काम घेण्यापूर्वी ती कागदावर करावी असे मी म्हणेन, कारण तिच्यातूनच एक गोष्ट स्पष्ट होते जी तुम्ही अजून सांगितली नाही. त्या चाळीस तासांपैकी जवळजवळ बावीस तास संकलन आणि पडताळणी यांत गेले आहेत, म्हणजे निम्म्याहून अधिक श्रम वाचनाचे नाहीतच. संकलन निर्मात्याकडे राहिले तर वाचणाऱ्याच्या वाट्याला साडेअठरा तास उरतात. मग त्याला तयार तासाला बाराशेऐवजी सहाशेच मिळाले तरी पुस्तकाचे पावणेचार हजार होतात आणि श्रमाच्या तासाला दोनशेहून थोडे अधिकच पडतात. मोठ्या दराचे काम छोट्या दराच्या कामापेक्षा तोट्याचे असू शकते. म्हणून पहिला प्रश्न दराचा विचारू नये. 'कच्ची फीत द्यायची की संकलित?' हा विचारावा, आणि उत्तर लेखी घ्यावे.

शिवाय संकलनाचे तास कमी करता येतात. चूक झाल्यावर तसेच पुढे वाचत राहून नंतर शोधत बसण्यापेक्षा, तेथेच थांबून, आधीचे दोन-तीन सेकंद कानांत ऐकत चुकीच्या जागेवरूनच पुन्हा ध्वनिमुद्रण सुरू करण्याची जी पद्धत आहे, जिला या क्षेत्रात 'पंच अँड रोल' म्हणतात, ती अंगवळणी पडली की वाचनाला वेळ थोडा अधिक लागतो, पण संकलन निम्म्यावर येते. तुमचा हिशेब पहिल्या पुस्तकाचा आहे. चौथ्या पुस्तकाचा मांडाल तेव्हा तो वेगळा येईल.

साशंक : चौथ्या पुस्तकापर्यंत पोहोचण्यासाठी पहिले मिळावे लागते, आणि येथे मला आपल्या प्रदेशाची खरी अडचण दिसते. निर्माता नमुन्याची फीत मागतो. ती ऐकताना त्याचा कान प्रथम ण आणि ळ यांवर जातो, आणि आपल्याकडे कित्येक सुशिक्षित घरांतही 'पानी', 'लोनी', 'आनि' असेच बोलले जाते. शिवाय च आणि ज यांचे दोन दोन उच्चार : 'चार' तालूवरचा, 'चारा' दातांवरचा, हैदराबादी हिंदी-उर्दूच्या सहवासात वाढलेल्या नांदेडच्या मुलाची जीभ येथे सहज घसरते. दोष त्याचा नाही. पण निवड करणारा दोष कोणाचा हे पाहत नाही.

उत्साही : हे उच्चार सुधारतात. आकाशवाणीची केंद्रे परभणी आणि नांदेड येथे आहेत, आणि आकाशवाणीत नैमित्तिक निवेदकांची आवाजचाचणी घेण्याची जी परंपरा आहे तिने कित्येक जिभांना वळण लावले आहे. मानधन अल्प असेल, पण ण चुकला तर तो लगेच दाखवून देणारा माणूस समोर असणे हीच खरी शिकवणी. मात्र तुमच्या म्हणण्याची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला, ते परभणीकडचे. अशा लेखकाच्या कथेतला शेतकरी जेव्हा बोलतो, तेव्हा त्याचे 'करायलाव' आणि त्या क्रियापदाच्या अखेरीस उतरणारा विशिष्ट हेल पुण्यात वाढलेल्या वाचकाच्या तोंडी कसा यावा? तो चित्रपटांतून ऐकलेला एक सरसकट 'ग्रामीण' स्वर लावतो, ज्यात कोल्हापूर, सातारा आणि लातूर यांत काहीच भेद उरत नाही, आणि कथेतला माणूस परका होतो. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद त्या मातीच्या बोलीत, आणि एकातून दुसऱ्यात जाताना सांधा न दिसणे, हे कौशल्य ज्याच्याजवळ आहे त्याच्याशी स्पर्धा करणारे थोडे.

म्हणून नमुना याच गोष्टीचा असावा. ऑडिओबुकासाठी चार मिनिटांची एक फीत, संगीताशिवाय : थोडे निवेदन, नंतर दोन पात्रांचा संवाद, पुन्हा निवेदन. जाहिरातीचे नमुने स्वतंत्र, वीस-वीस सेकंदांचे, प्रत्येक निराळ्या भावाचा. दोन्ही एकाच फितीत कोंबले की दोन्हीकडचा निर्माता अर्ध्यावर बंद करतो. नमुन्यासाठी साने गुरुजींचे गद्य घ्यावे, कारण आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याचा स्वामित्वहक्क राहतो, गुरुजी १९५० साली गेले, आणि २०११ पासून त्यांचे साहित्य सर्वांना मोकळे आहे. नांदेडच्या अभिमानापोटी नरहर कुरुंदकरांचा लेख वाचून प्रसिद्ध करावासा वाटेल. पण ते १९८२ साली निवर्तले, म्हणून तेथे वारसांची अनुमती हवी.

साशंक : बोलीचे हे बळ मी मान्य करतो, पण त्याच्या पोटात एक संकट आहे हे तुम्हीही मान्य करा. ज्याला एकदा 'मराठवाड्याचा आवाज' म्हणून निवडले, त्याला इतिहासाचे, विज्ञानाचे किंवा चरित्राचे पुस्तक कोणी देत नाही. आणि बोलीप्रधान पुस्तके वर्षाकाठी किती निघणार? जी गोष्ट दार उघडते तीच पुढच्या दालनाचे दार लावून घेते.

उत्साही : ते खरे आहे, आणि माझ्याजवळ त्यावर उत्तर नाही.

साशंक : मग आपल्या दारातल्या बाजाराकडे वळू, कारण बहुतेकांची पहिली कमाई तेथूनच होणार. समजा, गंजगोलाईतल्या एका विक्रेत्याला मृगापूर्वी सोयाबीन बियाण्याची तीस सेकंदांची जाहिरात हवी आहे. तो मोबाइलवर संहिता पाठवतो : शंभर शब्द, दुकानाचा पूर्ण पत्ता आणि दोन मोबाइल क्रमांक. तीस सेकंदांत मराठीचे साठ-पासष्ट शब्द बसतात, आणि एक क्रमांक स्वच्छ वाचण्यातच पाच-सहा सेकंद जातात. हा नवा मुलगा नाही म्हणू शकत नाही, सर्व काही श्वास न घेता वाचून टाकतो, आणि ऐकणाऱ्याला वाणाचे नावही कळत नाही. पुढे असे कळते की ती फीत रेडिओसाठी नव्हतीच. ती रिक्षावरच्या भोंग्यावर लागणार आहे. भोंगा खर्ज जवळजवळ वाजवतच नाही. ज्या भारदस्तपणावर मुलाची भिस्त होती तो तेथे नाहीसा होतो आणि उरतात ती फक्त व्यंजने, जी त्याने गिळलेली आहेत. मग 'पुन्हा करून दे', 'आणखी एकदा', आणि पैशांचे विचाराल तर 'पेरणी होऊ द्या, देऊन टाकतो'.

उत्साही : यांतील प्रत्येक अडचणीचा बंदोबस्त काम घेण्यापूर्वीच करता येतो. फीत कोठे वाजणार हे आधी विचारावे. भोंग्यासाठी वाचायचे तर स्वर किंचित उंच, गती कमी, शब्दांमध्ये जागा, आणि स्वतःची फीत मोबाइलच्या बारीक स्पीकरवर लावून, दहा पावले दूर उभे राहून तपासावी. संहिता मोजून सांगावी की, एवढे शब्द बसत नाहीत, पत्ता 'गंजगोलाई, लातूर' एवढाच ठेवू आणि क्रमांक एकच, तो मात्र दोनदा. विक्रेता चतुर असतो, त्याला त्यातला फायदा चटकन कळतो. निम्मी रक्कम बयाणा म्हणून आधी घ्यावी. ऐकण्यासाठी पाठवायच्या नक्कलेत दर पाच सेकंदांना एक 'टूं' असा खुणेचा ध्वनी घालावा आणि अस्सल फीत उरलेली रक्कम आल्यावरच द्यावी. वाचनातली चूक असेल तर दोन वेळा विनामूल्य दुरुस्ती. संहिता बदलली तर ते नवे काम. हे सर्व व्हॉट्सअॅपवरच्या चार ओळींत लिहून 'मान्य' असे उत्तर घेतले की दस्तऐवजापुरते पुष्कळ झाले.

साशंक : एक कलम तुम्ही वगळलेत, आणि माझ्या दृष्टीने सर्व व्यवसाय त्या एका कलमावर उभा आहे. पुढच्या वर्षी मृग येतो. तीच फीत पुन्हा भोंग्यावर लागते, उदगीरला आणि निलंग्याला त्या विक्रेत्याच्या नव्या शाखांवरही वाजते, कोणीतरी ती समाजमाध्यमांवर टाकतो, आणि मुलाला दमडीही मिळत नाही. मोठ्या जाहिरातींच्या करारात आवाज किती मुदतीसाठी, कोणत्या माध्यमात आणि कोणत्या हद्दीत वापरायचा हे नमूद असते; मुदत संपली की नवा मोबदला. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातही सादरकर्त्याला त्याच्या सादरीकरणावर पन्नास वर्षांचा हक्क दिलेला आहे. पण लातुरात ती अट घालणारा मी अद्याप पाहिला नाही. जोवर ती घातली जात नाही तोवर हा मुलगा स्वतःच स्वतःचा प्रतिस्पर्धी आहे : त्याची गेल्या वर्षीची फीत त्याचे या वर्षीचे काम खाते.

उत्साही : कायद्याच्या दृष्टीने तुमचे म्हणणे निर्विवाद आहे, पण पहिल्याच कामात मुदतीचे कलम मांडणाऱ्या नवशिक्याला तो विक्रेता दुसऱ्या दिवशी बोलावणार नाही, शेजारच्या डीजेवाल्याच्या पुतण्याकडून वाचून घेईल, आणि मग हक्क शाबूत राहील व काम जाईल. मी म्हणेन, पहिल्या वर्षी कलम घालावे, पण रक्कम लिहू नये. 'ही फीत या खरीप हंगामासाठी' एवढे पाच शब्द पावतीवर असावेत. पुढच्या मृगाला तोच विक्रेता आला की, वाणाचे नाव किंवा भाव बदललेला असतोच. त्या निमित्ताने नवे ध्वनिमुद्रण आणि नवा दर सांगता येतो.

साशंक : आणि भाव बदलला नसेल तर?

उत्साही : तर पावती दाखवावी.

साशंक : पावती दाखवण्याचे धैर्य दहा हजारांची उधारी डोक्यावर असलेल्या एकट्या मुलात येत नाही. नांदेड-लातूरकडे हे काम करणारे जे कोणी आहेत, त्यांनी आपापसांत हंगामाची मुदत आणि किमान दर ठरवला, तरच एकाने नकार दिल्यावर विक्रेता दुसऱ्याकडे जाऊन स्वस्तात करून घेणार नाही. तुम्ही प्रत्येकाला स्वतंत्रपणे कुशल करू पाहता. मला वाटते की, कुशल पण परस्परांना अनोळखी असलेली वीस माणसे दर आणखी खालीच आणतील.

उत्साही : आणि मला वाटते की, ज्यांच्या फिती अद्याप उणे ६० च्या कसोटीला उतरत नाहीत अशा वीस जणांनी एकत्र येऊन ठरवलेला दर कोणी देणार नाही. आधी काय, कसब की एकी, हे मला तुमच्याइतके निश्चित सांगता येत नाही. पण येत्या खरिपापूर्वी दोन-तीन जणांनी एकच पाच शब्दांचे कलम आपापल्या पावतीवर छापले, तर पुढच्या मृगाला आपल्याला बोलण्यास काही प्रत्यक्ष पुरावा हाती येईल.

साशंक : दोन-तीन जण पुरेत की नाहीत, यावरच आपला मतभेद आहे. माझ्या मते, त्यांत ज्याच्याकडे आज सर्वांत अधिक काम आहे तो नसेल तर दहाही पुरणार नाहीत. आणि त्यालाच या कलमाची गरज सर्वांत कमी वाटते.